लायनरचा वास

"मॅडम, ईसीजी, टूडी इको, थायरॉईड, सगळं नॉर्मल आलं. तरी नाशिकमध्ये द्वारकेच्या सिग्नलला उभा असलो की काही कारण नसताना छाती धडधडते, हात गार पडतात, तोंडाला कोरड पडते. माझ्या मनाचे खेळ आहेत का हे?"

प्रश्न विचारणारे दादा चाळिशीतले, रात्री पिकअपमधून कोथिंबीर-टोमॅटो वाशीला पोचवणारे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ते तपासण्या करूनच आले होते हे बरं झालं. धडधडताना शुद्ध हरपत असती किंवा जिना चढताना छातीत दुखत असतं, तर मी त्यांना आधी हृदयरोगतज्ज्ञांकडेच परत पाठवलं असतं.

"काही कारण नसताना" हे मात्र मला पटेना. मी त्यांना खिशातल्या वहीत दोन आठवडे टिपण ठेवायला सांगितलं: कुठे होतो, काच खाली होती का, पुढे कोणती गाडी होती, कसला वास येत होता. सात नोंदी झाल्या. पाच वेळा पुढे भरलेला ट्रक आणि काच खाली. एकदा गॅरेज. सातवी घरातली. ती वहिनींनी लिहिली होती: "मिक्सर जळाला तेव्हा."

वही वाचता वाचता दादाच थांबले. "ब्रेकचा लायनर," म्हणाले. चार महिन्यांपूर्वी कसारा घाट उतरताना ब्रेक तापून लागेनासे झाले होते, केबिनभर जळका वास भरला होता आणि गाडी कठड्याला घासत कशीबशी थांबली होती. पहिल्या भेटीत हे त्यांनी "वाचलो, काही झालं नाही" एवढ्यावर उरकलं होतं.

मेंदूत कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक पुंजका असतो, अमिग्डाला. आवाज, दृश्य, स्पर्श यांचे संदेश आधी थॅलॅमस नावाच्या टप्प्यावर जातात. वासाचं तसं नाही. नाकाच्या वर जो वासाचा कंद असतो, त्यातून काही तंतू थेट अमिग्डालाकडे जातात. म्हणून "हा लायनरचा वास" असं नाव सुचण्याआधीच अंग हललेलं असतं. त्या रात्री अमिग्डालाने वास आणि मरणाची भीती यांची गाठ मारून ठेवली होती. आता नुसता वास आला तरी ती हायपोथॅलॅमस आणि मेंदूच्या देठाला इशारा देते, आणि तिथून सिम्पथेटिक नसा कामाला लागतात. हृदयाचे ठोके वाढतात. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार. लाळ कमी आणि घट्ट होते, म्हणून कोरड. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात. ते रक्तात काही मिनिटांतच ओसरतं, पण तेवढ्यात "अटॅक आला" असं वाटलं की पुन्हा नवा इशारा जातो. दादांचा पाऊण तास असाच जायचा.

वासाचा सराव करायला गॅरेजमधून एक जुना लायनर मागवला. खिडकी उघडी ठेवून तो पॉलिश पेपरवर घासला की हलका वास सुटायचा. दादांनी मनगटावर नाडी मोजायची आणि उठून जायचं नाही, एवढंच काम. पहिल्या दिवशी नाडी ८४ वरून १२२ वर गेली आणि ९० वर यायला अकरा मिनिटं लागली. चौथ्या बैठकीला ती ९६ च्या वर गेलीच नाही. मी मनातल्या मनात फाईल बंद केली. घाई केली.

पुढच्या आठवड्यात घाटात सगळं जसंच्या तसं परतलं. "तुमच्या खोलीतच बरं होतो मी," दादा फोनवर म्हणाले, थोडे रागावूनच. बोलले ते बरोबर होतं. सरावाने जुनी गाठ पुसली जात नाही. "वास आला आणि काही झालं नाही" हा नवा धडा तिच्या शेजारी बसतो, आणि कपाळामागचा मेंदूचा भाग त्याच्या जोरावर अमिग्डालाला आवरतो. मेंदूतला आणखी एक भाग, हिप्पोकॅम्पस, मात्र त्या धड्याला जागेची खूण लावतो. माझ्या खोलीतला धडा घाटात लागू पडेलच असं नाही.

मग जागा बदलत गेलो. आधी त्यांच्याच उभ्या पिकअपमध्ये, मग द्वारकेला काच खाली करून, मग इगतपुरीच्या एका ढाब्यावर, जिथे घाट चढून आलेले ट्रक थांबतात. शेवटी दिवसाढवळ्या घाट. स्टिअरिंगवर मेव्हणा, दादा शेजारी बोटं मनगटावर ठेवून. त्या दिवशी नाडी ११० वर गेली. त्यांनी गाडी थांबवू दिली नाही. कसाऱ्याला पोचेपर्यंत ९२ झाली होती.

आता ते स्वतः गाडी नेतात. भर पावसात, पुढे कंटेनर असला की अजून हात गार पडतात. तेव्हा ते मेव्हण्याला सांगतात, "लायनर तापलाय बघ कुणाचा तरी," आणि गिअर एक खाली टाकतात.