कमोडच्या बुडाचा वास

"रोज कमोड घासतो, फिनाईल टाकतो, तरी बुडाशी लघवीचा वास येतोच. नेमका कुठून येत असेल?"

आधी सीटची बिजागरी खोला. आमच्या घरी हाच वास दोन वर्षं होता, आणि "तू नीट घासत नाहीस" हे वाक्य मी नवऱ्याकडून आणि सासूबाईंकडून आळीपाळीने ऐकलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

एका रविवारी सीटखालचे दोन प्लास्टिकचे नट फिरवून सीट उचलली. बिजागरीच्या चकतीखाली पिवळा-तपकिरी चिकटा साचला होता. सीट वर करून उभ्याने लघवी केली की शिंतोडे सीटच्या खालच्या बाजूला उडतात आणि ओघळून थेट बिजागरीत जातात. तिथे ब्रश पोचतच नाही. सगळं सुटं करून साबणाच्या पाण्यात भिजवलं, जुन्या टूथब्रशने घासलं. वास निम्मा झाला, पण दोन दिवसांनी परत बुडाशी येऊ लागला.

मग फ्लशच्या टाकीत खायचा लाल रंग टाकला, कमोडच्या बुडाभोवतीची फरशी कोरडी पुसून टिश्यू पेपर लावले आणि दर वेळी टाकीत पुन्हा रंग टाकत चार-पाच वेळा फ्लश केला. कागद कोरडेच राहिले, म्हणजे खालून गळती नव्हती. नंतर तेच रंगीत पाणी दोन चमचे पुढच्या बाजूला कमोड आणि फरशीच्या सांध्यावर ओतलं, तर व्हाइट सिमेंटने ते बघता बघता पिऊन टाकलं! घरात कायम "अ‍ॅसिड टाक, स्वच्छ होईल" चालायचं. त्याच अ‍ॅसिडने सांधा खाल्ला होता, आणि उडालेले शिंतोडे त्यात मुरत होते. वरून कितीही फिनाईल ओता, आतलं तसंच राहतं. पावसाळ्यात जास्त घाण यायची ती त्यामुळेच.

सांधा खरवडून काढला, एन्झाइमवाला क्लीनर रात्रभर मुरू दिला, धुऊन दोन दिवस पूर्ण वाळवला (दुसरं बाथरूम असेल तरच हे जमतं) आणि सॅनिटरी सिलिकॉन भरलं. मागच्या बाजूला बोटभर जागा मुद्दाम मोकळी ठेवली, म्हणजे पुढे कधी खालून गळलं तर पाणी बाहेर दिसेल. ओलसर सांध्यावर सिलिकॉन भरू नका, धरत नाही.

हो, तुमचा कागद फ्लशनंतर रंगला, कमोड डुगडुगत असेल किंवा खालच्यांच्या छताला ओल असेल, तर यातलं काही करू नका. खालचा जोड गेलाय, प्लंबरकडून कमोड उचलावाच लागेल. कागद भिजला पण रंग नाही आला, तर जेट किंवा नळ तपासा. आणि अ‍ॅसिड नि ब्लीच एकत्र कधीच नको, विषारी वायू होतो.

बाकी बसून केलं तर निम्मी भानगड होतच नाही, हे मी लग्नापासून सांगतेय. आमच्याकडे अजून उभ्यानेच चालतं, पण आता महिन्यातून एकदा सीट खोलून धुवायचं काम त्यांच्याकडे आहे.