मिक्सरच्या पाटीवरची ‘पॉवर’ अरबीत: ताका की कुद्रा?

प्रश्न: मस्कतच्या दुकानासाठी मिक्सरच्या रेटिंग प्लेटचे फोटो आले आहेत, त्यावरचा मजकूर अरबीत करायचाय. ‘पॉवर’ला कुणी ‘ताका’ म्हणतं, कुणी ‘कुद्रा’. बरोबर काय? आणि व्होल्ट, वॅट, हर्ट्झचे आकडेही अरबी अंकांत लिहायचे का?

उत्तर: कुद्रा लिहा, आणि आकडे पाटीवर आहेत तसेच ठेवा.

‘ताका’ आपल्याला जवळचा वाटतो, कारण आपली ‘ताकद’ त्याच शब्दातून आली. ‘कुद्रा’ही परका नाही, ‘कुदरत’ त्याच्याच घरातली. पण अरबी भौतिकशास्त्रात दोघांची कामं वेगळी आहेत. ताका म्हणजे ऊर्जा, जी वीजबिलावर युनिटमध्ये मोजतात. कुद्रा म्हणजे शक्ती, जी वॅटमध्ये मोजतात. बाजारात पुष्कळ ठिकाणी ‘ताका ७५० वॅट’ असं लिहिलेलं दिसतं आणि गिऱ्हाइकाला ते कळतंही. तरीही पाटीवर मी ते लिहिणार नाही, कारण ऊर्जेचा आकडा वॅटमध्ये असूच शकत नाही.

व्होल्टेजला ‘जुह्द’ म्हणतात. मूळ अर्थ कष्ट, प्रयत्न. ‘जद्दोजहद’मधला ‘जहद’ याच धातूचा. फ्रीक्वेन्सीला ‘तरद्दुद’, म्हणजे पुन्हापुन्हा मागे-पुढे होणं. आपला ‘रद्द’ याच धातूचा, परत फिरवणं या अर्थाने. ‘रेटेड’साठी ‘मुकन्नन’ वापरा, म्हणजे ठरवून दिलेला. ‘कानून’ याच कुळातला. काही जण ‘इस्मी’ लिहितात, ज्याच्या मुळाशी ‘इस्म’ म्हणजे नाव आहे (आपला ‘इसम’ तिथलाच). पण ‘इस्मी’चा काटेकोर अर्थ नाममात्र, ‘नॉमिनल’, जो वीजपुरवठ्याच्या व्होल्टेजला शोभतो. यंत्राला निर्मात्याने नेमून दिलेली मूल्यं असतात, तिथे मुकन्ननच हवं. एवढी नावं अरबीत आली की पाटीचा अनुवाद करण्याजोगा भाग जवळजवळ संपतो.

आता आकडे. समजा फोटोत हे दिसतंय:

```
220-240V~  50/60Hz  750W
Max. 5 min ON / 2 min OFF
```

पहिल्या ओळीत शब्द एकही नाही, सगळी चिन्हं आहेत. `V`, `Hz`, `W` ही अरबस्तानातही तशीच वाचली जातात. अरबी अंक घातले तर तपासणाऱ्या मराठी डोळ्याला धोका आहे, कारण तिथला पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो, शून्य नुसता ठिपका आणि सहा इंग्रजी सातासारखा दिसतो. ५० आणि ६० मध्ये गल्लत झालेली कळणारही नाही. ओमानमध्ये वीज ५० हर्ट्झची आहे, शेजारच्या सौदीत ६० ची. उद्या कुणी म्हणालं, ‘माल सौदीला जातोय, ५० चं ६० करून टाका’, तर ठाम नकार द्या. यंत्र कशासाठी बांधलंय हे पाटी सांगते. देशाची वीज कोणती हे सांगणं तिचं काम नाही.

खरी फजिती पुढे आहे. तुम्ही आकड्याला हात न लावताही तो फिरतो. अरबी शब्दानंतर त्याच ओळीत `220-240V~` टाकलं की छापून येतं ते असं:

```
~240V-220
```

माझ्या एका लेबलवर हे झालं होतं आणि ते छपाईला जाऊन आल्यावर मला दिसलं. अरबी उजवीकडून डावीकडे जाते, आकडा मात्र डावीकडून उजवीकडेच लिहिला जातो. अरबी अक्षरामागून आलेल्या दोन आकड्यांमधली आडवी रेघ त्यांना जोडत नाही, असं संगणकाच्या अक्षरमांडणीचा नियम मानतो. म्हणून दोन्ही आकडे सुटे होऊन उजवीकडून लागतात, `V` फक्त 240 ला चिकटतो आणि एसी दाखवणारी नागमोडी रेघ भलत्याच टोकाला जाते. तिरकी रेघ मात्र जोडणारी मानली जाते, त्यामुळे `50/60Hz` शाबूत राहतं. एक मूल्य नीट आणि दुसरं उलटं, म्हणून नजरेतून सुटतं. मॉडेल क्रमांकाचं तर आणखी वाईट: `750-MX` चं `MX-750` दिसतं, आणि तेही अगदी खरं वाटतं.

उपाय सोपा आहे. मूल्य वेगळ्या वेष्टनात ठेवायचं आणि त्याची दिशा डावीकडून उजवीकडे बांधून टाकायची. वेबसाठी असं:

```
<p dir="rtl">الجهد المقنن: <bdi dir="ltr">220-240V~</bdi></p>
<p dir="rtl">التردد المقنن: <bdi dir="ltr">50/60Hz</bdi></p>
<p dir="rtl">القدرة المقننة: <bdi dir="ltr">750W</bdi></p>
```

छापील लेबलसाठी तक्ता करा. नाव एका कप्प्यात, मूल्य शेजारच्या कप्प्यात, आणि मूल्याच्या कप्प्याची दिशा डावी-उजवी. तिसऱ्या ओळीत ‘मुकन्नना’ झालंय, कारण कुद्रा स्त्रीलिंगी आहे.

‘पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद’ ही ओळ मात्र अनुवाद मागते, आणि तिथे अरबीचं द्विवचन आडवं येतं. संस्कृतसारखंच त्यात दोनासाठी वेगळं रूप आहे. पाच मिनिटं म्हणजे ‘५ दकाइक’, पण दोन मिनिटांना ‘दकीकतान’ असा एकच शब्द पुरतो, आकडा लिहावाच लागत नाही. व्याकरण शुद्ध, पण पाटीवरचा 2 गायब! मी लेबलवर `5 min` आणि `2 min` हेच ठेवते आणि पुस्तिकेतल्या वाक्यात ‘दकीकतान’पुढे कंसात आकडा लिहिते.

फोटोबद्दल एक सांगते. चकाकणाऱ्या पाटीवर 750 चा 150 वाचला जातो. पाटीवर अँपिअर दिले असतील तर पडताळा घ्या: ७५० भागिले २३० म्हणजे सुमारे ३.३. पाटीवर `3.4A` असेल तर 750 पटतो. १५० वॅटला ०.६५ अँपिअर पुरतात. मोटरच्या यंत्रात अँपिअर या हिशेबापेक्षा थोडे जास्त निघतात, तेवढा फरक चालतो. अँपिअर नसतील आणि शंका राहिलीच, तर टॉर्चचा उजेड बाजूने पाडून दुसरा फोटो मागवा. अंदाजाने आकडा भरू नका.

फोटोतून मजकूर उचलणारी साधनं एका चौकोनात दुसरा चौकोन या चिन्हाला हमखास चिनी अक्षर `回` समजतात. त्या चिन्हाचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन, म्हणजे अर्थिंगची गरज नसलेलं यंत्र. ते चिन्ह चित्र म्हणूनच नव्या लेबलवर न्या, टाइप करू नका, आणि त्याच्या जागी शब्दही घालू नका. नागमोडी रेघही अनेकदा वजाबाकीच्या चिन्हासारखी उचलली जाते. ती मूळ फोटोशी ताडून पाहा. आणि मूळ पाटीवर नसलेलं कुठलंही चिन्ह, मग ते `CE` असो की आखाती देशांचं `G`, अनुवादात येता कामा नये. ती चिन्हं तपासणी आणि कागदपत्रांच्या आधारावर निर्मात्याने लावायची असतात.