उन्हाळ्यात रात्री घालायला कोणतं कापड बरं: कॉटन, मोडाल, सॅटिन की पॉलिस्टर? धुवायलाही सोपं हवं. (नागपूर)

मीही नागपूरचीच. मे महिन्यासाठी माझं उत्तर कॉटन, तेही मलमल किंवा कॅम्ब्रिकसारखं पातळ आणि अंगाला सैल. जाड होजिअरीचा टी-शर्टही कॉटनच असतो, पण त्यात उकडतं.

कारण आपला कूलर. मेमध्ये इथली हवा कोरडी असते. कॉटन घाम टिपून घेतं, कूलरचा वारा तो वाळवतो आणि वाळताना अंगाला गार वाटतं. पॉलिस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे साध्या घट्ट विणीच्या पॉलिस्टरमध्ये घाम कातडीवरच साचतो. खेळाडूंचे जाळीदार कपडे वेगळे, ते वाऱ्यात लवकर सुकतात.

सॅटिनबाबत आधी एक समजून घ्या: सॅटिन हे विणीचं नाव आहे, धाग्याचं नाही. ते रेशमाचंही असतं, पण बाजारातलं स्वस्त सॅटिन बहुतेक पॉलिस्टरचंच. दोन वर्षांपूर्वी मी सीताबर्डीवरून आईसाठी सॅटिनचा गाऊन आणला. दुकानात हाताला गार लागला म्हणून घेतला. रात्री दोनला आई उठली तेव्हा पाठ ओलीचिंब होती. सकाळी शिवणीच्या आतला एक धागा काढून चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळला. तो आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला, म्हणजे पॉलिस्टर. कॉटन कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. मोडालही तसंच जळतं, म्हणून त्या दोघांतला फरक या परीक्षेत कळत नाही.

मोडाल बीच झाडाच्या लाकडाच्या लगद्यापासून करतात. ते कॉटनपेक्षा मऊ आणि ओलावाही जास्त घेतं. अंगावर पुरळ येत असेल तर आवर्जून बघा. पण पाऊस सुरू झाला की हवा दमट होते, कूलर आणखी ओल वाढवतो, आणि घामाने जड झालेलं मोडाल अंगाला चिकटतं, लवकर सुकतही नाही. त्या दिवसांत मी मलमलच घालते.

धुण्याचं म्हणाल तर कॉटन पहिल्या धुण्यात थोडं आटतं, म्हणून एक माप मोठं घ्या आणि गडद रंग वेगळे धुवा. बोअरच्या जड पाण्यात ते कडक होतं. त्यावर साबण कमी घालून एकदा जास्त खळबळणं हा उपाय. फॅब्रिक कंडिशनर टाळा, त्याचा थर बसला की कापड घाम नीट टिपत नाही. मोडाल उलटं करून गार पाण्यात धुवा, पिळू नका, नाहीतर गोळे येतात. पॉलिस्टर धुवायला सर्वांत सोपं आणि तासाभरात वाळतं, पण घामातलं तेल त्याला धरून राहतं. म्हणून धुतल्यावरही काखेत वास येतो. घरात असेल तर रोजच्या रोज धुवा, इस्त्री अगदी कोमट ठेवा. आईचा गाऊन आम्ही डिसेंबरसाठी ठेवलाय.