पहिल्या मीटिंगला बायोडेटा वाचू नकोस

'सर, मी तुमच्या 2011 च्या बॅचचा. 14 वर्षं व्हॅलिडेशनमध्ये काढली, आता जानेवारीत चाकणला वायरिंग हार्नेस डिझाइनच्या 9 जणांच्या टीमचा मॅनेजर म्हणून जॉइन होतोय. आधीचे मॅनेजर अचानक सोडून गेलेत, लोक धास्तावलेत असं एचआरनेच सांगितलं. सोमवारी स्वतःची ओळख कशी करून देऊ? स्लाइड्स केल्यात, सोबत पाठवतोय.'

स्लाइड्स बघितल्या. बारातल्या नऊ तुझ्यावरच आहेत, आणि सहाव्या स्लाइडवर तू मोठ्या अक्षरात लिहिलंयस की मागच्या ठिकाणी टेस्टिंगचा खर्च 18 टक्क्यांनी कमी केला. ती आधी काढ. तुला वाटतंय इम्प्रेशन पडेल, पण नवा साहेब खर्च कमी करतो म्हटल्यावर माणूस एकच हिशोब करतो, आता आपल्यातलं कोण जाणार.

खरं काम सोमवारी नाही, शुक्रवारी आहे. तू जानेवारीत येतोयस आणि मार्चअखेर अप्रेझलचं वर्ष संपतं, म्हणजे ज्याने त्यांचं नऊ महिन्यांचं काम बघितलं तो माणूस गेला आणि ज्याने काहीच बघितलं नाही तो रेटिंग देणार, ही त्यांची सगळ्यात मोठी भीती आहे. शुक्रवारी तुझ्या बॉसला आणि एचआरला फोन करून विचार की सहामाही रिव्ह्यूच्या नोंदी आहेत का, जाणाऱ्या मॅनेजरने प्रत्येकाबद्दल काही लिहून ठेवलंय का, नसेल तर त्याच्याकडून आत्ता मागवता येईल का. माणसं कमी करायचं काही ठरलंय का हेही सरळ विचार. आणि टीममधल्या कुणाला ही खुर्ची मिळेल असं वाटत होतं का. बहुतेक असतोच एखादा. त्याला मीटिंगच्या आधी दहा मिनिटं एकट्याला भेट, समजूत काढायला नाही हां, फक्त त्याला तुझी ओळख आठ जणांसमोर पहिल्यांदा व्हायला नको म्हणून.

माझी स्वतःची चूक सांगतो. मी मॅनेजर म्हणून पहिल्यांदा एका टीमसमोर उभा राहिलो तेव्हा लोकांचे चेहरे बघून माझ्या तोंडून निघून गेलं, 'काही बदलणार नाही, निश्चिंत राहा.' तीन आठवड्यांत वरून शिफ्टची वेळ बदलली, माझा त्यात काही हात नव्हता, पण त्यानंतर मी खरं सांगितलं तरी लोक एकमेकांकडे बघायचे. म्हणून जे तुझ्या हातात नाही त्याचा शब्द देऊ नकोस, 'माहीत नाही, अमुक तारखेला सांगतो' हे चालतं, फक्त त्या तारखेला खरंच सांगायचं, उत्तर मिळालेलं नसलं तरी 'अजून नाही मिळालं' एवढं तरी.

बोलायचं साधारण असं, तीन-चार मिनिटांत, स्लाइड न लावता:

'मी 14 वर्षं व्हॅलिडेशनमध्ये होतो. फेल झालेले हार्नेस टेस्ट बेंचवर भरपूर बघितलेत, स्वतः डिझाइन केलेला एकही नाही, त्यामुळे राउटिंग आणि कनेक्टरच्या निवडीत पहिले काही महिने तुमचंच ऐकणार आहे. अप्रेझल मी लिहिणार आहे. तुमच्या सहामाही नोंदी मला मिळाल्यात, त्या प्रत्येकाने माझ्यासोबत बसून वाचायच्या, काही राहिलं असेल तर सांगायचं, मग मी लिहीन. माझ्या जुन्या कंपनीतली माणसं आणायचा माझा विचार नाही. टीमची संख्या कमी करायची मला कुणी सूचना दिलेली नाही. एप्रिलनंतर घरून कामाचं काय होणार हे मला आज माहीत नाही, 31 तारखेला सांगतो.'

यातलं नोंदींचं आणि संख्येचं वाक्य शुक्रवारच्या फोनवर जे कळेल तसं बदल. नोंदी नसतील तर नाहीत म्हण, आणि प्रत्येकाकडून एप्रिलपासूनच्या कामाचं एक पान मागव. संख्येबद्दल बॉसने गोलमोल उत्तर दिलं तर ते वाक्य गाळ, कुणी विचारलंच तर 'यावर आज मी बोलू शकत नाही' म्हण, पण खोटं बोलू नकोस.

मीटिंगच्या शेवटी 'काही प्रश्न?' विचारशील आणि कुणी काही बोलणार नाही. त्यावरून सगळं ठीक आहे असं समजू नकोस. त्याच आठवड्यात प्रत्येकासोबत अर्धा तास बस, सगळ्यांना तेच दोन प्रश्न विचार, कामात कुठे अडतं आणि आधीच्या मॅनेजरची कोणती पद्धत मोडू नये असं वाटतं. नऊ जणांचे साडेचार तास होतात, दिवसाला दोघं धरलीस तर शुक्रवारपर्यंत आटोपतं. त्यातल्या कुणी 'सर, खरंच कुणाला काढणार नाही ना?' असं तोंडावर विचारलं तर समज, सोमवारचं बोलणं पोचलं. सगळे नुसतेच 'सगळं मस्त आहे सर' म्हणाले तर अजून पोचलेलं नाही, महिन्याभराने परत बस.

आणि सोमवारी घरातून लवकर निघ, नाशिक रोडचं ट्रॅफिक तुला माहितीये. नवा मॅनेजर पाऊण तास आला नाही तर तेवढ्या वेळात कँटीनमध्ये तुझ्याबद्दल काय काय ठरलेलं असेल ते तुला कुणी सांगणार नाही.