‘सदिश गुणाकार’मधला सदिश कोण?

प्रश्न: ‘सदिश गुणाकार’ म्हणजे सदिशांचा गुणाकार ना? मग डॉट प्रॉडक्टही सदिशांचाच असतो, त्याला ‘अदिश गुणाकार’ का म्हणतात? आणि क्रॉस प्रॉडक्टला सरळ ‘तिरकस गुणाकार’ म्हटलं तर चालेल का? पुस्तकात एकदा म्हणतात त्याने समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ मिळतं, एकदा म्हणतात दोन्ही सदिशांना लंब असलेली दिशा मिळते. मग ते नक्की काय आहे?

उत्तर: घोळ समासाचा आहे. ‘सदिश गुणाकार’ हा शब्द तुम्ही ‘सदिशांचा गुणाकार’ असा सोडवलात. ‘शब्दचर्चा’ म्हणजे शब्दांची चर्चा, त्याच चालीवर. पण इथे ‘सदिश’ हे गुणाकाराचं विशेषण आहे. ज्याचं उत्तर सदिश येतं तो सदिश गुणाकार आणि ज्याचं उत्तर नुसती संख्या येते तो अदिश गुणाकार. आत काय घातलं ते या नावांत सांगितलेलंच नाही, बाहेर काय पडलं तेवढं सांगितलंय. मराठीत ‘गुणाकार’ हा शब्द क्रियेलाही वापरतात आणि उत्तरालाही, त्यामुळे समास दोन्हीकडे वळतो. ‘उत्तर’ या अर्थाने घेतलात की गोंधळ उरत नाही.

‘क्रॉस’ हे नाव मात्र चिन्हावरून पडलं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शिकवणाऱ्या गिब्जने १८८१ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक टिपण छापून घेतलं होतं. त्यात त्याने या गुणाकारासाठी फुली वापरली आणि दुसऱ्यासाठी टिंब. पुढे त्याच्या व्याख्यानांवरून विल्सन या त्याच्या विद्यार्थ्याने पुस्तक केलं, ते १९०१ साली आलं, आणि चिन्हांवरून पडलेली नावं रुळली. मराठीत ‘फुली गुणाकार’ म्हणणं म्हणूनच योग्य आहे, जरी वर्गात सगळे ‘ए क्रॉस बी’ असंच वाचत असले तरी. गंमत अशी की गिब्जने स्वतः याला ‘स्क्यू प्रॉडक्ट’ म्हटलं होतं, म्हणजे जवळजवळ तुमचाच ‘तिरकस गुणाकार’! तरीही मी तो शब्द इथे वापरणार नाही, कारण शाळेत अपूर्णांकांची समीकरणं सोडवताना आपण जो तिरकस गुणाकार करतो त्याने ते नाव आधीच अडवून ठेवलंय. मात्र ती तिरकस चाल या गुणाकाराच्या पोटातही आहे, ते खाली दिसेलच.

आता क्षेत्रफळ की दिशा? दोन्ही, आणि एकाच उत्तरात. सदिशाला लांबी असते आणि दिशा असते. फुली गुणाकारातून येणाऱ्या सदिशाची लांबी म्हणजे त्या दोन सदिशांवर उभ्या असलेल्या समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ, आणि त्याची दिशा म्हणजे त्या चौकोनाच्या प्रतलाला लंब. पुस्तकं एकेका वेळी एकेक अंग सांगतात, म्हणून वाटतं की दोन वेगळ्या व्याख्या आहेत.

एक उदाहरण हाताने करून बघू. क = (१, २, २) आणि ख = (३, ३, ०) हे दोन सदिश घ्या. क ची लांबी १ + ४ + ४ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे ३. ख ची लांबी १८ चं वर्गमूळ, साधारण ४.२४. या दोन लांब्या गुणल्या तर सुमारे १२.७ येतात, पण ते क्षेत्रफळ नव्हे. समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंची असतं आणि चौकोन कललेला असला की उंची बाजूपेक्षा कमी भरते. इथे दोन सदिशांमधला कोन ४५ अंशांचा आहे (अदिश गुणाकार ३ + ६ + ० = ९ येतो, त्यावरून काढता येतो). म्हणून ४५ अंशांच्या साइनने गुणायचं, आणि उत्तर बरोबर ९ येतं.

हेच कोन न काढता करायचं असेल तर घटक एकाखाली एक मांडायचे:

```
क :  १   २   २
ख :  ३   ३   ०
```

पहिला घटक काढताना पहिला स्तंभ बोटाने झाका. उरलेल्या चार आकड्यांचा तिरकस गुणाकार करून वजाबाकी करा: २ × ० − २ × ३ = −६. शेवटच्या घटकासाठी शेवटचा स्तंभ झाका: १ × ३ − २ × ३ = −३. मधल्या घटकासाठी मधला स्तंभ झाकला की १ × ० − २ × ३ = −६ येतं, पण इथे चिन्ह उलटायचं असतं, म्हणून +६. उत्तर (−६, ६, −३). त्याची लांबी ३६ + ३६ + ९ = ८१ चं वर्गमूळ, म्हणजे ९. वर कोन वापरून आलेलं क्षेत्रफळ तेच.

या तीन आकड्यांना स्वतःचा अर्थ आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. तुमचा चौकोन हवेत तिरका तरंगतोय अशी कल्पना करा आणि त्याच्यावर सरळ वरून, म्हणजे z अक्षाच्या दिशेने, उजेड टाका. जमिनीवर जी सावली पडेल ती (१, २) आणि (३, ३) यांवरच्या समांतरभुज चौकोनाची असेल, आणि तिचं क्षेत्रफळ ३ असेल. उरलेल्या दोन अक्षांच्या दिशेने उजेड टाकला तर दोन्ही सावल्या ६-६ च्या पडतील. फुली गुणाकाराचे घटक म्हणजे या तीन सावल्यांची क्षेत्रफळं. त्यांच्या वर्गांची बेरीज मूळ चौकोनाच्या क्षेत्रफळाच्या वर्गाइतकी असते. पायथागोरसचा नियमच आहे, फक्त लांब्यांऐवजी सावल्यांना लावलेला. प्रतल जितकं एखाद्या अक्षाला लंब, तितकी त्या अक्षावरून पडणारी सावली मोठी. म्हणून त्या तीन आकड्यांतून चौकोन कुठल्या दिशेला तोंड करून आहे तेही कळतं. क्षेत्रफळ आणि दिशा एकाच सदिशात कशी मावतात याचं उत्तर मला तरी या सावल्यांतच पहिल्यांदा पटलं.

चिन्हाचं काय? z अक्षाच्या धन टोकावरून खाली बघितलं तर क ची सावली ख च्या सावलीकडे वळवताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरावं लागतं, म्हणून −३. उलट फिरावं लागलं असतं तर +३ आलं असतं.

मधल्या घटकाचं चिन्ह उलटण्याचं कारणही इथेच सापडतं. अक्षांचा क्रम गोल फिरतो: x नंतर y, y नंतर z, z नंतर पुन्हा x. x च्या दिशेने पडणारी सावली y-z अशी मोजायची, z च्या दिशेची x-y अशी, तर y च्या दिशेची z-x अशी. पण मधला स्तंभ झाकला की डोळ्यांसमोर x-z हा उलटा क्रम उरतो. तो सरळ करायला वजा लागतो, त्यात जादू काही नाही.

नेमकी हीच चूक सगळ्यांत जास्त होते आणि ती लबाड आहे. वजा विसरलात तर (−६, −६, −३) येईल. याची लांबी काढून बघा, तीही ९! वर्ग केल्यावर चिन्ह कुठलं दिसायला? शिकत असताना माझी कितीतरी उत्तरं अशी ‘बरोबर’ ठरली, कारण प्रश्नात क्षेत्रफळच विचारलेलं असायचं. जिथे लंब दिशा हवी होती तिथे पितळ उघडं पडलं. म्हणून क्षेत्रफळ जुळलं यावर विसंबू नका, लंब आहे का ते तपासा. आलेल्या सदिशाचा क शी अदिश गुणाकार करा: (−६, ६, −३) साठी −६ + १२ − ६ = ०, आणि ख शी −१८ + १८ + ० = ०. दोन्ही शून्य, म्हणजे दोघांनाही लंब. चुकलेल्या उत्तराचा क शी गुणाकार −६ − १२ − ६ = −२४ येतो, तिथेच चूक पकडली जाते.

एक चूक मात्र या तपासणीतूनही निसटते. क × ख ऐवजी ख × क केलंत तर (६, −६, ३) येईल. लांबी ९, दोघांनाही लंब, तरी बरोबर उलट दिशेला. कुठल्याही प्रतलाला लंब दिशा दोन असतात, दोन्ही बाजूंना एकेक, आणि त्यांतली कुठली घ्यायची ते फक्त क्रमावरून ठरतं. उजव्या हाताची बोटं पहिल्या सदिशाकडून लहान कोनाने दुसऱ्याकडे वळवायची, अंगठा दाखवेल ती दिशा. शाळेत गुण्य कोण आणि गुणक कोण हे पाठ करून घेतात आणि तेव्हा ते निव्वळ नावापुरतं वाटतं, कारण ३ × ५ काय नि ५ × ३ काय. या गुणाकाराला क्रमनिरपेक्षता नाही, तेव्हा इथे कोण आधी हे खरंच बघावं लागतं.

‘लांबी म्हणजे क्षेत्रफळ’ हे वाक्यही जरा जपून वापरा. क आणि ख मीटरमध्ये असतील तर उत्तराची ‘लांबी’ ९ चौरस मीटर असते. त्यामुळे हा बाण मूळ बाणांशेजारी काढून ‘हा तिप्पट लांब आहे’ असं म्हणण्यात अर्थ नाही. सेंटिमीटर घेतलेत तर क ची लांबी ३०० होईल आणि याची ९०,०००. नुसती दिशाच हवी असेल तर ९ ने भागून टाका: (−२/३, २/३, −१/३). आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ हवं असेल तर निम्मं करायला विसरू नका, ते ४.५ येईल.

शेवटी तुमच्या ‘सदिश’ शब्दाला एक अपवाद. क = (१, २, २) आणि ख = (२, ४, ४) घेऊन बघा. ख हा क च्या दुप्पट, त्याच रेषेवर. चौकोन चपटा होऊन त्याची रेघ झाली, आणि फुली गुणाकार आला (०, ०, ०). क्षेत्रफळ शून्य हे ठीकच, पण दिशा? एका रेषेला लंब दिशा अगणित असतात, त्यांतली एक निवडायला हा गुणाकार नकार देतो, आणि लांबीने भागायला जावं तर शून्याने भागावं लागतं. या उत्तराला आपण ‘शून्य सदिश’ म्हणतो. नावात ‘स’ आहे, दिशा नाही.