डॅशकॅमच्या फोटोवरची तारीख-वेळ

प्रश्न: फोटोवरची तारीख-वेळ काढायची आहे, पण आकड्यांखालचा रस्त्यावरचा पांढरा पट्टा पुसट होतो. काय करू?

मूळ व्हिडिओ असेल तर आधीच्या फ्रेममधून रस्ता उचला. आकडे जागचे हलत नाहीत, रस्ता मात्र सरकतो. आत्ता झाकलेला पट्टा काही फ्रेम आधी थोडा वर, उघडा दिसतो.

```
ffmpeg -ss 00:01:12 -i clip.mp4 -t 1 f_%03d.png
```

जिंपमध्ये ती फ्रेम वरच्या लेयरवर ठेवा, पर्स्पेक्टिव्ह टूलने पट्ट्याच्या कडा जुळवा आणि काळा मास्क लावून फक्त आकड्यांवर पांढरा ब्रश फिरवा. ब्रश दोन-तीन पिक्सेल बाहेर जाऊ द्या, कारण कॉम्प्रेशनमुळे अक्षरांभोवती मळकट कडा उरते. फार मागची फ्रेम मोठी करावी लागते, मग खडी धूसर दिसते. विम्याच्या दाव्यासाठी मात्र मूळ फाइलच द्या.