सालीचा रंग आणि फळाचा पिकलेपणा

प्रश्न: आंबा, केळी, टोमॅटो पिकले की नाही हे सालीच्या रंगावरून कसे ओळखायचे? जळगावात मे महिन्यात आमची केळी हिरवीच राहून आतून मऊ पडतात.

उत्तर: साल पिवळी होणे आणि गर पिकणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. त्या बहुधा बरोबरीने चालतात, म्हणूनच आपण रंगावर विसंबतो. परंतु खानदेशातल्या उन्हाळ्यात नेमकी हीच जोडी तुटते.

केळ्याच्या सालीत पिवळे रंगद्रव्य आधीपासूनच असते आणि वरचे हरितद्रव्य विरले की ते दिसू लागते. रावेर-यावल भागात होणाऱ्या ग्रँड नैन जातीत तापमान साधारण २४ अंशांच्या वर गेले की हरितद्रव्य पुरते विरत नाही. गरातल्या स्टार्चची साखर होणे मात्र थांबत नाही, उलट ते वेगाने होते. पिकवणीच्या खोल्यांमध्ये तापमान १६ ते १८ अंशांवर ठेवतात, ते याचसाठी.

गेल्या मे महिन्यात मी एकाच घडाच्या दोन हिरव्या फण्या घेतल्या. एक पत्र्याखालच्या खोलीत ठेवली आणि दुसरी माठाशेजारी, ओल्या गोणपाटाने झाकलेल्या टोपलीत, गोणपाट फळांना टेकणार नाही अशा बेताने. आपली हवा कोरडी असल्यामुळे असा गोणपाट चांगलाच गारवा देतो. चौथ्या दिवशी पत्र्याखालची केळी मळकट हिरवी होती, पण देठाशी दाबताच बोट रुतले आणि गराला आंबूस वास येत होता. टोपलीतली केळी मधोमध पिवळी झाली होती, फक्त दोन्ही टोके हिरवी होती. दुसऱ्या दिवशी ती टोकेही पिवळी झाली आणि केळी खाण्याजोगी झाली. तपकिरी ठिपके उमटले की केळे अधिक गोड लागते, मात्र ते त्याच दिवशी संपवावे. म्हणून उन्हाळ्यात रंगाची वाट पाहू नका. केळ्याच्या कडा बोथट होऊन ते गोलसर झाले आहे का आणि हलक्या दाबाने किंचित दबते का, हे पाहा.

टोमॅटोचेही असेच होते. त्याचा लाल रंग मुळात नव्याने तयार व्हावा लागतो आणि ३० अंशांच्या वर ते काम रखडते, त्यामुळे मे महिन्यातला नारिंगी-पिवळा टोमॅटो पूर्ण पिकलेला असू शकतो. बाकीच्या दिवसांत देठाच्या विरुद्ध टोकाला गुलाबी छटा आली की तो घरी ठेवून लाल होतो.

आंब्यात मात्र रंगाला मी सर्वांत कमी महत्त्व देतो. खांद्यावरची लाली उन्हाने येते, पिकल्याने नव्हे. लंगडा तर पिकूनही हिरवाच राहतो. देठाजवळचे खांदे भरून वर आले आहेत का आणि देठाशी गोड वास येतो का, एवढे तपासा. सगळे आंबे एकसारखे पिवळेधमक दिसत असतील आणि देठाशी वास नसेल, तर एक कापून पाहिल्याशिवाय पेटी घेऊ नका, कारण कोवळे आंबे उतरवून पिकवले की साल पिवळी होते, पण कोयीजवळचा गर पांढरट आणि आंबट राहतो.